‘कायमस्वरूपी’ सॉफ्टवेअरचे आयुष्य

जालन्याच्या मोंढ्यातील एका बियाणे-खत विक्रीच्या पेढीचे उदाहरण घेऊ. पेढीने १ ऑक्टोबर २०२४ रोजी हिशेबाचे सॉफ्टवेअर घेतले व त्याच दिवशी वापरात आणले. परवान्याचे २७,००० व ते बसवून देण्याचे ३,००० रुपये लागले. त्यावरील जीएसटीचे क्रेडिट पेढीला मिळते, म्हणून तो मूल्यात धरला नाही. मुनीमजींच्या प्रशिक्षणाचे २,००० रुपये थेट खर्चात गेले. मालमत्ता उभी राहिली ३०,००० रुपयांची, आणि तीही ‘संगणक’ खात्यात नव्हे, तर ‘अमूर्त मालमत्ता – सॉफ्टवेअर’ या स्वतंत्र खात्यात.

आता हे ३०,००० किती वर्षांत खर्ची घालायचे? परवाना कायमस्वरूपी आहे, म्हणून खर्च टाकायचाच नाही, असे म्हणणारे अनेक व्यापारी आहेत. परवाना संपत नाही हे खरे. उपयोग मात्र संपतो. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला तेव्हा जुन्या आवृत्त्या घेऊन बसलेल्यांना हे एका रात्रीत कळले. लेखा मानक २६ मध्ये अमूर्त मालमत्तेचे आयुष्य सामान्यतः १० वर्षांहून अधिक नसते असे गृहीत धरले आहे. परंतु ती कमाल मर्यादा आहे, सोयीचा आकडा नव्हे. सॉफ्टवेअर लवकर कालबाह्य होते, हेही तेथेच नमूद आहे. पेढीने आपले मागचे सॉफ्टवेअर किती वर्षे टिकले ते पाहिले आणि ५ वर्षे ठरवली. पुनर्विक्रीची बाजारपेठ नसल्याने अवशिष्ट मूल्य शून्य धरले.

वार्षिक रक्कम ६,००० झाली. पहिल्या वर्षी वापर सहाच महिने, म्हणून ३१ मार्च २०२५ ची नोंद अशी:

अमॉर्टायझेशन खर्च खाते नावे ३,०००
संचित अमॉर्टायझेशन खात्यास जमा ३,०००

प्राप्तिकरात मात्र सॉफ्टवेअरला संगणकाबरोबर ४० टक्के घसारा मिळतो. १ ऑक्टोबरपासून वर्षअखेरपर्यंत १८२ दिवस भरतात, म्हणून पूर्ण १२,००० रुपये मिळाले. वापर ४ ऑक्टोबरला सुरू झाला असता, तर दिवस १७९ भरून निम्मेच हाती आले असते. वहीतील ३,००० आणि विवरणपत्रातील १२,००० ही चूक नव्हे. दोन्ही हिशेब वेगळे ठेवावेत. करासाठीचा दर वहीत उतरवला, की नफ्याचे चित्र बिघडते.

वार्षिक नूतनीकरणाची रक्कम मालमत्तेत मिळवण्याची चूक सर्रास दिसते. ती त्या त्या वर्षाचाच खर्च. दरमहा भाड्याने घेतलेल्या सॉफ्टवेअरचेही तसेच.

अंदाज दरवर्षी तपासावा लागतो. ३१ मार्च २०२६ ला शिल्लक मूल्य २१,००० राहते. त्यानंतर पेढीने मार्च २०२८ अखेर दुसरे सॉफ्टवेअर घ्यायचे निश्चित केले, तर उरलेल्या दोन वर्षांत १०,५०० प्रमाणे खर्च टाकावा. मागील वर्षांच्या नोंदींना हात लावायचा नाही.