गळकं यंत्र आणि एक पत्र

मैत्रिणींनो, पाणी शुद्ध करायचं यंत्र स्वयंपाकघरात आलं की पहिले चार दिवस आपण येणाऱ्याजाणाऱ्याला त्याचंच पाणी पाजतो. आमच्या मालवणातल्या शेजारच्या वहिनींनीही पाजलं. पण तिसऱ्या आठवड्यात यंत्राखालचा ओटा ओला दिसू लागला. कंपनीला फोन केला, तक्रार क्रमांक मिळाला, माणूस काही आला नाही. दुसऱ्या फोननंतर पंधरा दिवसांनी आला तो यंत्राकडे नुसतं बघून म्हणाला, "प्लॅस्टिकचे भाग वॉरंटीत येत नाहीत, बाराशे रुपये पडतील." वहिनी मला विचारतात, "आता हेचा काय करूचा गो?"

म्हटलं, पत्र लिहायचं. पण त्याआधी पाणी नक्की कुठून गळतं ते बघायचं, कारण "यंत्र गळते" एवढ्या मोघम तक्रारीला उत्तरही मोघमच मिळतं.

आधी विजेचं बटण बंद करून प्लग काढलात ना? मग यंत्राकडे येणारा पाण्याचा कॉक बंद करा, सगळं कोरडं पुसा आणि खाली कोरडं वर्तमानपत्र पसरा. तासाभराने कागद ओला झाला, तर साठवणीची टाकी किंवा तिची तोटी गळते आहे. कोरडाच राहिला आणि कॉक उघडल्यावर भिजला, तर दोष पाणी आत येतं त्या बाजूचा, म्हणजे नळीचा सांधा किंवा फिल्टरच्या भांड्याची रबरी रिंग. आणि टाकी भरल्यावरच पाणी वरून सांडत असेल, तर ते थांबवणारा तरंगता गोळा अडकला आहे. वहिनींकडे कॉक उघडताच पहिल्या फिल्टरच्या भांड्याच्या आट्यांतून थेंब येत होते. त्याचा मोबाइलवर फोटो घेतला.

मग वॉरंटीचं कार्ड वाचलं. (आपण ते बिलासकट डब्यात टाकतो आणि विसरतो!) त्यात वगळलं होतं ते फिल्टरच्या आतलं वापराने संपणारं सामान, भांडं आणि रिंग वगळल्याचं कुठेच नव्हतं. शिवाय यंत्र बसवलं होतं कंपनीच्याच माणसाने. म्हणजे भांडं तडकं असेल तर तो मालातला दोष, रिंग वाकडी बसली असेल तर सेवेतली त्रुटी, आणि दोन्हीची जबाबदारी त्यांचीच. पत्राचा सगळा जोर इथेच ठेवला. असं लिहिलं:

"मी ४ ऑक्टोबर २०२५ रोजी आपले यंत्र १४,५०० रुपयांस घेतले. ७ ऑक्टोबरला आपल्याच माणसाने ते बसवले. २६ ऑक्टोबरपासून पहिल्या फिल्टरच्या भांड्याच्या आट्यांतून पाणी गळते. २७ ऑक्टोबर व ३ नोव्हेंबरला फोनवर तक्रार केली. तक्रार क्रमांक सोबत दिले आहेत. १८ नोव्हेंबरला आलेल्या माणसाने यंत्र न उघडता १,२०० रुपये मागितले. हा भाग वॉरंटीतून कोणत्या कलमाने वगळला आहे, ते लेखी कळवावे. अन्यथा पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत तो विनामूल्य बदलून द्यावा. तसे न झाल्यास मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन."

वहिनींना त्यात मनस्ताप, पाहुण्यांपुढची फजिती, सगळंच घालायचं होतं. मी गाळायला लावलं. हे पत्र उद्या तिसऱ्या माणसाने वाचलं तर त्याला तारखा दिसायला हव्यात. एक प्रत दुकानदाराला, एक कंपनीला, दोन्ही स्पीड पोस्टाने. सोबत बिलाची झेरॉक्स. मूळ बिल कुणालाही द्यायचं नाही. पोस्टाची पावती बिलालाच टाचून ठेवायची.

पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर? १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा फोन फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. ते कंपनीशी बोलणं लावून देतात, हुकूम मात्र देऊ शकत नाहीत. हुकूम देतो तो जिल्हा आयोग. आपला ओरोसला, सिंधुदुर्गनगरीत. २०१९च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, कंपनी कुठलीही असो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील केलाच पाहिजे असं नाही, आणि तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. तरी एवढ्याशा रकमेसाठी ओरोसच्या खेपा घालणं सोपं नाही, म्हणून पत्रावरच मेहनत घ्यावी हे माझं मत.

वहिनींकडे अकराव्या दिवशी माणूस आला. भांड्याला केसाएवढी चीर निघाली. भांडं आणि रिंग दोन्ही बदललं, पैसे घेतले नाहीत. निघताना त्याने कागदावर नुसतं "तपासणी केली" असं लिहून सही मागितली. वहिनी म्हणाल्या, काय बदललं ते आधी लिहा. त्याने ते लिहिलं, तारीख घातली, आणि मगच त्यांनी सही केली.