दहा पावलांवरचा तक्ता

आमच्या तिगावात संत्र्याच्या बागा, म्हणून नातीने शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी ठिबक सिंचनाचा तक्ता केला. भिंतीला लावून दहा पावलं मागे गेलो. शीर्षकच वाचता येईना! वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांत अडकले होते. मग शीर्षक एका ओळीत, दोन इंची अक्षरात घेतलं. खाली उद्देश: ‘ठिबकने पाणी किती वाचतं ते मोजणे’, बस्स. मधोमध एकच मोठी आकृती, नळ्यांची नावं नळ्यांजवळच, इंचभर अक्षरात. निष्कर्ष तिने तळाशी लिहिला होता. पण पुढे टेबलावर मॉडेल ठेवलं की नेमका तोच झाकला जातो. तो आकृतीच्या उजवीकडे, डोळ्यांच्या उंचीवर आणला. पिवळ्या स्केचपेनची अक्षरं मात्र काळ्याने गिरवावी लागली. नात थोडी रुसली.