पहिल्या जोडींतील संबंध

गेल्या वर्षीं बुद्धिमत्ता चाचणीच्या तासाला मीं आठवीच्या वर्गांत फळ्यावर एक प्रश्न लिहिला. ‘६ : ४२ :: ९ : ?’ खालीं चार पर्याय दिले होते : ४५, ६३, ८७ आणि ९०. अशा प्रश्नांस आपल्या पुस्तकांतून ‘समसंबंध’ असें नांव आहे. पहिल्या पदाचा दुसऱ्याशीं जो संबंध, तोच तिसऱ्याचा चौथ्याशीं असावा, एवढीच काय ती त्यांतील अट. माझें उत्तर ठरलेलें होतें. सहा सत्ते बेचाळीस. सात ही सहाची पुढची संख्या. म्हणून नवास दहानें गुणावें, आणि ९० लिहावें. वर्गांतील एका मुलीनें ६३ लिहिलें. मीं तिच्या वहींत लाल फुली मारली व पुढें गेलों.

ती मुलगी तास संपल्यावर टेबलापाशीं आली आणि अगदीं हळू आवाजांत म्हणाली, “सर, सहाची सातपट बेचाळीस. मग नवाची सातपट त्रेसष्ट कां नाहीं?” मीं तिला सांगितलें कीं, येथें तो संबंध अभिप्रेत नाहीं. तिनें विचारलें, “हें प्रश्नांत कोठें लिहिलें आहे?” यावर मजपाशीं उत्तर नव्हतें. घंटा झाली होती म्हणून मी सुटलों, इतकेंच.

घरीं जाऊन विचार करूं लागलों तेव्हां ध्यानांत आलें कीं, मुलीची बाजू माझ्या समजुतीपेक्षां पुष्कळच बळकट आहे. सहास बेचाळीस, तर नवास किती, हें तर सरळसरळ त्रैराशिक झालें. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या ‘लीलावतीं’त प्रमाण, फल व इच्छा अशा तीन राशी सांगितल्या आहेत, फलास इच्छेनें गुणावें व प्रमाणानें भागावें म्हणजे इच्छेचें फळ येतें. बेचाळीस गुणिले नऊ म्हणजे ३७८, त्यास सहानें भागिलें कीं ६३. शिवाय मधले चार ठिपके पाहावे. विल्यम ऑट्रेड या इंग्रज गणितज्ञानें १६३१ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत ते वापरले, ते दोन गुणोत्तरें समान आहेत हें दाखविण्यासाठींच. आम्हीही मुलांस प्रमाणाच्या धड्यांत तेंच चिन्ह, त्याच अर्थानें शिकवितों. त्या अर्थानें वाचल्यास ६३ हें एक उत्तर नव्हे, तेंच एकमेव उत्तर होय! गणिताच्या तासाला जें बरोबर, तेंच पुढच्या तासाला त्याच फळ्यावर चूक ठरावें, आणि त्याचें कारण मात्र कोणीं सांगूं नये, हा न्याय मला कांहीं बरा दिसेना.

मग बाकीचे दोन पर्याय मीं तपासून पाहिले. सहांत छत्तीस मिळविले कीं बेचाळीस होतात. नवांत छत्तीस मिळविल्यास ४५. सहाचा वर्ग छत्तीस, त्यांत सहा मिळविल्यास बेचाळीस. नवाचा वर्ग एक्याऐंशी, त्यांत सहा मिळविल्यास ८७. म्हणजे मीं दिलेल्या चारही पर्यायांस आधार होता, आणि त्यांपैकीं तिहींवर फुली मारण्यास मी सिद्ध होतों.

येथें एक भेद नीट समजून घेतला पाहिजे. ‘संख्येस तिच्या पुढच्या संख्येनें गुणावें’ आणि ‘संख्येच्या वर्गांत तीच संख्या मिळवावी’ हीं वाक्यें कानास निराळीं वाटतात, पण त्यांचा संबंध एकच. नवास दहानें गुणा, वा एक्याऐंशींत नऊ मिळवा, नव्वदच येतात. कोणतीही संख्या घेतली तरी दोन्ही वाटा एकाच घरीं पोंचतात. एका विद्यार्थ्यानें एक वाट धरली व दुसऱ्यानें दुसरी, तर भांडणाचें कारण नाहीं. परंतु ‘सातपट करावी’ हा संबंध मुळांतच वेगळा आहे. तो या संबंधास सहा या संख्येपाशींच काय तो भेटतो. पांच घेतल्यास एकाकडून ३५ मिळतात व दुसऱ्याकडून ३०. आठ घेतल्यास ५६ व ७२. दोन रस्ते एका चौकांत येऊन मिळावे व लगेच आपापल्या दिशेस निघून जावे, तसा हा प्रकार. आणि आम्ही शिक्षक मुलास नेमकें त्या चौकांत उभें करून विचारतों कीं, तूं कोणत्या रस्त्यावर आहेस?

हा दोष माझ्या एकट्याच्या प्रश्नांतला असता तर मीं हें लिहिण्याची तसदी घेतली नसती. वर्ग, घन किंवा गुणाकार यांवर रचलेल्या बहुतेक प्रश्नांत तो जन्मतःच असतो, आणि त्याचें कारण साधें आहे. एखाद्या संख्येचा वर्ग अथवा घन घ्या, किंवा त्यांत तीच संख्या मिळवा वा वजा करा. जें येईल त्यास ती संख्या निःशेष भागतेच. निःशेष भाग गेला कीं ‘इतकीपट’ हा प्रतिस्पर्धी संबंध हजर झालाच. ८ : ६४ येथें वर्ग दिसतो तशी आठपटही दिसते. उलट वर्गांत किंवा घनांत एक मिळवून वा वजा करून जोडी केली तर भाग जात नाहीं, व तो प्रतिस्पर्धी दारांतूनच परत फिरतो.

उदाहरणार्थ, ‘७ : ३४२ :: ९ : ?’ हा प्रश्न घ्या. सातावरून एकदम तीनशें बेचाळीसावर उडी गेली, म्हणून प्रथम घनाची आठवण व्हावी. कारण साताचा वर्ग ४९ म्हणजे फारच लहान, आणि घन ३४३ म्हणजे अगदीं जवळ. दुसरें पद त्याहून एकानें कमी आहे. आतां भागून पाहा. सात अठ्ठेचाळीस तीनशें छत्तीस, बाकी सहा. पूर्ण पट होत नाहीं. मग नवाचा घन ७२९, त्यांतून एक वजा, उत्तर ७२८. यावर कोणी म्हणेल कीं, सातांत ३३५ मिळविल्यासही ३४२ होतात, मग नवास ३४४ कां नकोत? बेरजेचा हा संबंध कोणत्याही जोडींतून हद्दपार करतां येत नाहीं, हें खरें. परंतु ३३५ ही संख्या साताशीं कांहीं नातें नसलेली, बाहेरून आणलेली आहे. समसंबंधाच्या प्रश्नांत एक अलिखित संकेत पाळला जातो : संबंध बांधण्यास जी संख्या लागेल ती पहिल्या पदांतूनच निघावी, किंवा एक-दोन इतकी लहान असावी. ६ : ४२ मध्यें नव्वद पसंत केले जातात ते याच संकेतामुळें, कारण सहाची शेजारीण म्हणून येणारी सात ही घरची, आणि ‘सातपट’ मधली सात ही उपरी. संकेत वाईट नाहीं; पण तो आम्ही मुलांस स्पष्ट शब्दांत सांगत नाहीं, आणि प्रश्नपत्रिकेवर तर तो छापलेलाच नसतो. पालकांनीं घरीं अभ्यास घेतांना एवढें वाक्य पाल्यास सांगितलें तरी अनेक फुल्या वांचतील.

पहिल्या जोडींत एक संबंध सांपडला कीं हात थांबवूं नये, दुसरा आहे का तें शोधावें. आणि सांपडलेले सर्व संबंध तिसऱ्या पदास लावून कोणाचें उत्तर पर्यायांत आहे तें पाहावें. एकच असेल तर प्रश्न सुटला. ‘३६ : १८ :: ४८ : ?’ यांत अंकांचा गुणाकार घेतल्यास ३२ येतात, निम्मे घेतल्यास २४. पर्यायांत ३२ आहे व २४ नाहीं, असें असल्यास चिंता नको. दोन्ही असतील तर मात्र वरील संकेताकडे वळण्यावांचून गत्यंतर नाहीं; आणि तेथें प्रश्न रचणाऱ्याची चूक झाली आहे, मुलाची नव्हे, असें माझें स्पष्ट मत आहे.

माझ्या एका सहकाऱ्यांस हें मत मान्य नाहीं. त्यांचें म्हणणें असें कीं, वरवरचा संबंध टाकून खोलवरचा निवडणें हीच तर बुद्धीची परीक्षा. ६३ हा पर्याय मुद्दाम ठेवावा, म्हणजे घाईघाईचा मुलगा तेथें अडकतो. या म्हणण्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. पण अमुक संबंध खोल व तमुक उथळ, हें त्या मुलास कळावें कशावरून? एकच जोडी समोर असतां दोन्ही संबंध तिला सारखेच लागू पडतात. ज्यास आम्ही खोल म्हणतों तो पुष्कळ वेळां सरावाच्या पुस्तकांतून ओळखीचा झालेला असतो, इतकेंच. ज्या घरीं तें पुस्तक आहे त्या घरचा मुलगा नव्वद लिहितो. ज्याचें शिक्षण शाळेंतल्या त्रैराशिकावर झालें तो त्रेसष्ट लिहितो. ही परीक्षा बुद्धीची झाली कीं पुस्तकाची?

उपाय एका ओळीचा आहे. एक पुरी जोडी देण्याऐवजीं दोन द्याव्या : ‘६ : ४२ :: ४ : २० :: ९ : ?’ आतां चाराची सातपट २८ होते, २० नव्हे. म्हणून ६३ गेलें. चारांत ३६ मिळविल्यास ४० होतात, ४५ गेलें. चाराच्या वर्गांत सहा मिळविल्यास २२. ८७ ही गेलें. पुढच्या संख्येशीं गुणाकार तेवढा उरला. काटेकोरपणें पाहिल्यास दोन जोड्यांनींही एकच संबंध सिद्ध होत नाहीं. हवी तितकी गुंतागुंत करून तिसरे, चवथे संबंध त्यांवर बसवितां येतात, व उच्च गणित शिकलेला मनुष्य ते बसवूनही दाखवील. परंतु तसे संबंध आठवीच्या मुलास सुचत नाहींत, आणि सुचलेच तर त्याला पुरे गुण द्यावे! सुचणाऱ्या संबंधांपुरती तरी, उत्तर तपासण्याची सोय प्रश्नाच्याच पोटांत आली.

दुसऱ्या दिवशीं मीं तोच प्रश्न या नव्या रूपांत फळ्यावर लिहिला व आदल्या दिवशींची फुली खोडून टाकली. त्या मुलीनें समासांत ‘४ × ७ = २८’ असें लिहून काट मारली, नंतर ‘४ × ५ = २०’ लिहिलें, आणि ९० हें उत्तर दिलें. वही परत घेतांना ती म्हणाली, “सर, आतां मी एक घालूं?” आणि तिनें खडू घेऊन फळ्यावर लिहिलें, ‘४ : ६४ :: ५ : ?’

मीं अर्थातच चाराचा घन पाहिला आणि १२५ म्हटलें. “शंभर,” ती म्हणाली, “दुप्पट करून वर्ग केला.” चाराची दुप्पट आठ, आठाचा वर्ग चौसष्ट, पांचाची दुप्पट दहा, दहाचा वर्ग शंभर. दोन ही लहानच संख्या, तेव्हां माझ्या संकेताचाही मला कांहीं उपयोग नव्हता. मीं तिच्याजवळ दुसरी जोडी मागितली. तिनें पाटीवरचें उत्तर झांकावें तसा हात फळ्यावर आडवा धरून लिहिलें, ‘३ : ३६’.