लाल दिव्याची किंमत कोण मोजतो?

टॅक्सी किंवा माल पोचवणारा टेम्पो भर रस्त्यात बंद पडला की दोष गाडीच्या वयाला, रस्त्यांच्या खड्ड्यांना नाहीतर चालकाच्या बेफिकिरीला दिला जातो. यांपैकी काहीही खोटे नाही. परंतु पुष्कळदा बिघाडाची सूचना गाडीने आधीच दिलेली असते, ती कोणीतरी पाहिलेलीही असते, आणि तरीही ती मालकापर्यंत पोचलेली नसते. ती का पोचत नाही, हा प्रश्न यंत्रशास्त्राइतकाच अर्थशास्त्राचाही आहे.

उदाहरणादाखल तेलाच्या दाबाचा लाल दिवा घेऊ. टोचणीच्या तेलदाणीचे चित्र असलेला हा दिवा बहुतेक गाड्यांत दिसतो. त्याच्याविषयीचा सर्वांत मोठा गैरसमज म्हणजे तो तेल कमी झाल्याचे सांगतो, हा. वस्तुतः तो सांगतो की इंजिनातील तेलाचा दाब धोक्याच्या पातळीखाली गेला आहे. तेल बरेच कमी झाले तरी पंपाला ते मिळत असेपर्यंत दिवा गप्प राहतो. म्हणून दिवा विझलेला आहे याचा अर्थ तेल पुरेसे आहे असा होत नाही. त्यासाठी डिपस्टिक काढून पाहण्यावाचून गत्यंतर नाही. उलटपक्षी, दिवा लागला असेल तर तेल ‘जरा कमी’ असण्याची वेळ निघून गेलेली असते. क्रँकच्या बेअरिंगांवरील तेलाचा पातळ थर फाटला की धातू धातूवर घासू लागतो आणि काही मिनिटांतच इंजिन जाम होऊ शकते.

या दिव्याचे आरंभीचे वागणे ओळखता येण्यासारखे असते. वळणावर किंवा जोरात ब्रेक दाबल्यावर तो क्षणभर चमकून गेला, तर बहुधा तेल कमी आहे. ते एका बाजूला सरकते आणि पंपाच्या तोंडाशी हवा जाते. गाडी चांगली तापल्यावर सिग्नलला उभी असताना तो लुकलुकला आणि गती वाढवताच विझला, तर तेल कमी किंवा पातळ झालेले असेल, बेअरिंगा झिजलेल्या असतील, क्वचित दिव्याचा स्विचच बिघडलेला असेल. यांपैकी नेमके काय, हे मेकॅनिक दाबमापक जोडून सांगू शकतो. चालकाने निदान करायचे नाही. दिवा केव्हा आणि कसा लागला एवढेच त्याने सांगायचे. ‘ऑइलचा दिवा लागतो’ या नोंदीपेक्षा ‘गाडी गरम असताना, उभी असता लुकलुकतो, चालताना विझतो’ ही नोंद गॅरेजचा बराच वेळ वाचवते.

आता दैनंदिन तपासणी. चावी फिरवून इंजिन सुरू करण्याआधी क्षणभर थांबायचे. या वेळी तेलाचा, बॅटरीचा आणि इंजिनाचा दिवा लागलेला दिसलाच पाहिजे. इंजिन सुरू झाल्यावर तो विझला पाहिजे. ब्रेकप्रणालीचा आणि एअरबॅगचा दिवा काही सेकंदांनी आपोआप विझतो. सगळे लक्ष विझण्याकडे असते, पण लागण्याकडे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे. जो दिवा आधी लागतच नाही, तो संकटातही लागणार नाही. बल्ब गेलेला असेल, तार सुटलेली असेल, किंवा (हेही घडते) सतत लागणाऱ्या दिव्याला कंटाळून कोणी तारच काढून ठेवलेली असेल. पुष्कळ गाड्यांत तेलाच्या स्विचची एकच तार काढली की लाल दिवा कायमचा गप्प होतो. सेकंडहँड गाडी घेणाऱ्यानेही हे ध्यानात ठेवावे. या साऱ्याला अर्धा मिनिट पुरतो. सकाळची डिपस्टिक धरून दोन-तीन मिनिटे.

एवढे सोपे असताना नोंद का होत नाही? मुंबईत टॅक्सी ठराविक पाळीभाड्याने चालवायला देण्याची पद्धत जुनी आहे. समजा, पाळीचे भाडे ८०० रुपये आहे आणि इंधन वजा जाता चालकाला पूर्ण पाळीत १६०० रुपये मिळतात. अर्ध्या पाळीत, रात्री दादरजवळ, लाल दिवा लागला. तोवर मिळालेले ८०० रुपये भाड्यातच जाणार. म्हणजे नियमाप्रमाणे थांबणारा चालक रिकाम्या हाताने घरी जाईल, न थांबणारा ८०० रुपये घेऊन जाईल. इंजिन गेले तर खर्च मालकाचा, आणि ते बहुधा पुढच्या पाळीच्या माणसाच्या हातात जाईल. अशा हिशेबात चालकाने गप्प राहणे याला बेफिकिरी म्हणण्यात अर्थ नाही. व्यवस्थेनेच त्याला ते शिकवले आहे.

आता मालकाच्या बाजूने पाहा. इंजिनाच्या दुरुस्तीला ४० हजार लागतात असे धरू. दिवा लागूनही गाडी चालवत राहिल्यास दहापैकी एकदाच इंजिन जाते असे अगदी उदारपणे मानले, तरी प्रत्येक दडवलेल्या दिव्याची मालकाला पडणारी सरासरी किंमत ४००० रुपये होते. उरलेल्या अर्ध्या पाळीचे ४०० रुपये भाडे त्याने सोडले आणि वर ४०० रुपये भरपाई दिली, तर चालकाच्या हाती ८०० रुपयेच राहतात. मालकाला हे ८०० रुपयांना पडते. आकडे बदलून पाहावेत. निष्कर्ष सहसा बदलत नाही. खोट्या सूचना येतील, ही मालकांची शंका रास्त आहे. मात्र इंजिन गरम असताना दाब मोजला की खरेखोटे उघड होते, आणि वरील हिशेबात पाचपैकी तीन सूचना निष्फळ ठरल्या तरी मालक नुकसानीत जात नाही.

नोंदीचा नियम यातूनच ठरतो. लाल दिव्याला गाडी सुरक्षित जागी घेऊन इंजिन बंद करण्याचा अधिकार चालकाचा. त्यासाठी फोनवर परवानगी मागावी लागता कामा नये. पिवळ्या दिव्याची नोंद त्याच पाळीच्या शेवटी व्हावी; पण इंजिनाचा पिवळा दिवा सतत उघडझाप करत असेल तर तो बहुधा सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नसल्याचे सांगतो, आणि तसेच चालवल्यास धूर शुद्ध करणारा महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो. नोंदीत वेळ, मीटरवरील किलोमीटर आणि दिव्याचे वागणे असावे. त्याखाली दुरुस्ती करणाऱ्याने काय केले ते लिहून सही करावी, आणि पुढच्या चालकाने ती वाचूनच चावी घ्यावी.

दोष नसेल त्या दिवशीही ‘दोष नाही’ असे लिहावे काय, यावर मतभेद आहेत. ब्रिटनमधील अवजड वाहनांविषयीची सरकारी मार्गदर्शिका अशी नोंद चांगली मानते आणि दोषांच्या नोंदी किमान १५ महिने ठेवायला सांगते. अमेरिकेने मात्र मालवाहू वाहनांसाठी निर्दोष दिवसाच्या नोंदीची सक्ती २०१४ साली रद्द केली. कारण रोजचे कोरे कागद भरण्यात चालकांचे असंख्य तास जात होते. लहान ताफ्यासाठी मला पहिली पद्धत योग्य वाटते. तिथे कोऱ्या पानाचा अर्थ ‘दोष नाही’ की ‘पाहिलेच नाही’ हे कळत नाही, आणि पाळी बदलताना वाद होतो तो नेमका याच मुद्द्यावर. आठवडाभर एकाच वेळी, एकाच शाईत भरलेले रकाने दिसले की तपासणी झालेली नाही हे कोणत्याही कारकुनाला ओळखता येईल.

दिव्यांनाही मर्यादा आहेत. झिजलेला टायर, भेगाळलेला पट्टा यांची वर्दी बहुतेक गाड्यांत कोणताही दिवा देत नाही. पट्टा तुटल्यावर बॅटरीचा लाल दिवा लागतो खरा, पण ज्या गाड्यांत तोच पट्टा पाण्याचा पंपही फिरवतो, तिथे इंजिन लगेच तापू लागते. ‘बॅटरीच तर आहे, घरापर्यंत जाईल’ असे म्हणणाऱ्याला हे ठाऊक नसते. आणि जो चालक स्वतःच गाडीचा मालक असून दर पार्सलमागे मोबदला घेतो, त्याने नोंद द्यायची कोणाला? तिथे थांबण्याचा संपूर्ण तोटा त्याच्या एकट्याच्या अंगावर पडतो आणि काम देणारी कंपनी नामानिराळी राहते. तिने अर्ध्या दिवसाच्या भरपाईचा वाटा उचलल्याशिवाय त्या गाड्यांतील लाल दिवे दुर्लक्षितच राहतील.