विश्लेषण : सीएनजी टॅक्सीला ‘लो-ॲश’ ऑइल खरेच लागते का?

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापुरातील टॅक्सी महानगर गॅसच्या सीएनजीवर धावतात. सर्व्हिसिंगच्या वेळी त्यांच्या चालकांपुढे प्रश्न असतो तो ‘सीएनजी स्पेशल, लो-ॲश’ असे लिहिलेल्या महाग डब्याचा.

ही राख येते कुठून?

गॅसमधून नव्हे, तर ऑइलमधून. इंजिन स्वच्छ ठेवणारी कॅल्शियम-मॅग्नेशियमची आणि झीज रोखणारी जस्ताची रसायने ऑइलमध्ये असतात. ऑइल जळाले की त्यांची राख उरते. ती एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर जाड साचली आणि तिचा टवका उडाला, तर त्या फटीतून तप्त वायू निसटतो आणि व्हॉल्व्ह जळतो.

मग राख जितकी कमी तितके चांगले?

तसेही नाही. गॅस कोरडा असतो. व्हॉल्व्ह जिथे सीटवर आदळतो, तिथे राखेचा पातळ थर गादीसारखा उपयोगी पडतो. कंपनीच्या सीएनजी गाडीत सीट सहसा कठीण धातूची असते. पेट्रोल गाडीला मागाहून किट बसवले असेल तर ती खात्री नसते. सीट झिजली की टॅपेटचा गॅप कमी होत जातो आणि सकाळी गाडी नीट सुरू होत नाही.

फरक किती पडतो?

एक लिटर ऑइलचे वजन सुमारे ८५० ग्रॅम. राखेचे प्रमाण १ टक्का असेल तर ते पूर्ण जळल्यावर साडेआठ ग्रॅम राख उरते, अर्धा टक्का असेल तर सव्वाचार. धडधाकट इंजिनाने १० हजार किलोमीटरमध्ये पाव लिटर ऑइल खाल्ले, तर दोन डब्यांतला फरक जेमतेम एक ग्रॅमचा. थकलेल्या इंजिनाने तेवढ्याच अंतरात पाच लिटर खाल्ले, तर लो-ॲश ऑइल वापरूनही २१ ग्रॅम राख होते. तिथे इलाज रिंग आणि व्हॉल्व्ह सीलचा आहे, डब्याचा नव्हे. प्लगवर पांढुरकी खरपुडी आणि डिपस्टिकवर उतरणारी पातळी, या त्याच्या खुणा.

कारच्या ऑइलमध्ये राख कमी करण्याचा आग्रह मुख्यतः डिझेल गाड्यांच्या धूरगाळणीसाठी धरला गेला. ती राखेने तुंबते. सीएनजी टॅक्सीत अशी गाळणी नसतेच. लो-ॲशमुळे ॲव्हरेज वाढते, हा दावा तर सोडूनच द्यावा.

ऑइल काळे झाले नाही, तर चालवावे का?

खरी फसगत इथे होते. सीएनजीत काजळी जवळपास नसल्याने ऑइल स्वच्छ दिसते. पण जास्त उष्णता आणि नायट्रोजनचे ऑक्साइड यांमुळे ते आतून घट्ट होत जाते. लो-ॲश असल्याने ही प्रक्रिया थांबत नाही. कल्याण-बदलापूर रस्त्यावरच्या कोंडीत सरासरी वेग ताशी २० किलोमीटर धरला, तर १० हजार किलोमीटरला इंजिन ५०० तास चालते. मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० ने २०० तास. त्यामुळे मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचे ऑइल घेऊन, कोंडीत धावणाऱ्या गाडीसाठी सांगितलेल्या कमी अंतरावर ते बदलणे टॅक्सीला अधिक मानवते.