उताऱ्यात न उतरणारा आवाज



असे समजा, की वर्गातल्या एका मुलीने मैत्रिणीला मोबाइलवर ध्वनिसंदेश पाठवला : "माझी वही तू नेलीस बरं असू दे." मैत्रिणीच्या मोबाइलने त्याचा लेखी उतारा केला, त्याचा स्क्रीनशॉट वर्गाच्या गटावर फिरला आणि "हिने माझ्यावर चोरीचा आळ घेतला" ही तक्रार बाईंपर्यंत गेली. उताऱ्यात एकही शब्द चुकलेला नाही. मग चुकले काय?

मूळ संदेश ऐकू या. 'नेलीस' म्हणताना आवाज वर चढतो. आवाजाची उंची म्हणजे घशातील स्वरतंतूंची दर सेकंदाची कंपनसंख्या. ती २२० वरून ३३० वर गेली असे धरा. पेटीवर षड्जावरून पंचमावर जावे, एवढा हा चढ झाला. लिहिताना अशा प्रश्नाच्या शेवटी आपण 'का' जोडतो. बोलताना तो पुष्कळदा गाळतो आणि त्याचे काम हा चढ करतो. आवाज खाली उतरला असता, तर तेच शब्द आरोप ठरले असते. उताऱ्यात प्रश्नचिन्ह पडले काय किंवा पूर्णविराम पडला काय, तो उतारा करणाऱ्याचा अंदाज असतो.

पुढे दीड सेकंद शांतता आहे. 'प' उच्चारताना ओठ मिटतात तेव्हाही आवाज थांबतो, पण तो सेकंदाच्या सुमारे दहाव्या हिश्श्यापुरता. तो खंड आपल्या लक्षातही येत नाही. दीड सेकंदाचा विराम मात्र कानाला चांगलाच जाणवतो. त्यानंतर हळू आवाजात येते, "बरं, असू दे." वही आपणच दिली होती हे त्या विरामात आठवले, असे ती मुलगी सांगते. उताऱ्यात हा दीड सेकंद दोन शब्दांमधल्या साध्या मोकळ्या जागेएवढा उरला.

मूळ संदेश ऐकतानाही सावध राहावे लागते. दुप्पट वेगाने ऐकला, तर हा विराम पाऊण सेकंदाचा होतो. मोबाइल आवाजाची उंची तशीच राखतो, त्यामुळे काही बदलले आहे असे वाटत नाही. शिवाय रस्त्यावरून एखादी एस.टी. गेली म्हणूनही बोलणारा थांबतो. कंपने आणि सेकंद मोजता येतात; त्यांच्यामागचा राग किंवा संकोच त्यांवरून थेट मोजता येत नाही.

म्हणून माझे मत असे, की शाळेतील तंट्यात उताऱ्याचा स्क्रीनशॉट पुरावा म्हणून स्वीकारू नये. काय बोलले गेले एवढे तो सांगतो. विचारले की ठणकावले, हे सांगत नाही. शिक्षकांनी मूळ संदेश मागवावा, साध्या वेगाने दोनदा ऐकावा आणि मग बोलणारीलाच विचारावे. आणि तुम्ही स्वतः कोणाचे बोलणे लिहून पुढे पाठवणार असाल, तर कंसात एवढे तरी लिहा : "आवाज चढला, दीड सेकंद थांबली."