पाच जुम्यांचा महिना

अनेक मशिदींच्या आवारात एक फळा असतो. त्यावर दर महिन्याच्या सुरुवातीला खजिनदार खडूने लिहितात : गेल्या महिन्याची जमा इतकी, खर्च इतका, शिल्लक इतकी. हिशेब उघड्यावर मांडण्याची ही पद्धत फार चांगली आहे. माझा आक्षेप त्या फळ्यावर नाही. त्यावरचा आकडा बघून पुढे जे ठरवलं जातं, त्यावर आहे.

माझ्या माहितीतल्या एका मशिदीत मकतबच्या मुअल्लिम साहेबांचं मानधन वाढवण्याचा विषय निघाला होता. कमिटीतल्या एका बुजुर्गांनी सांगितलं, "मे महिन्याच्या मानाने जूनमध्ये चंदा बराच खाली आलाय. लोकांचा हात आखडलाय. यंदा वाढ नको." कोणी काही विचारलं नाही आणि विषय संपला. त्या बैठकीत कोणी खोटं बोललं नव्हतं. मे आणि जूनच्या दोन्ही बेरजा बरोबर होत्या. त्यांवरून काढलेला अर्थ मात्र तपासायला हवा होता.

मशिदीच्या गल्ल्यात रोज काही ना काही पडतं, पण रोज सारखं पडत नाही. शुक्रवारी जुम्याच्या नमाजला रुमाल फिरतो, डबा फिरतो, बाहेरगावचे आणि फक्त जुम्याला येणारेही येतात. एका शुक्रवारची जमा बाकीच्या सहा दिवसांच्या बेरजेहून जास्त असते. म्हणून रोजच्या आकड्यांचा आलेख काढला तर तो करवतीच्या दात्यांसारखा दिसतो : सहा दिवस सपाट, सातव्या दिवशी उंच टोक. त्यातून काही कळत नाही, म्हणून आपण बेरीज करतो. बेरीज केली की दाते जातात आणि चढउतार दिसू लागतो, असं आपल्याला वाटतं. पण ती बेरीज किती दिवसांची केली, यावर चढ दिसणार की उतार, हे बरंच अवलंबून असतं.

समजण्यासाठी सोपे आकडे घेऊ. समजा एका मशिदीत दर शुक्रवारी बरोबर 6,000 रुपये जमतात आणि इतर दिवशी रोज 300. वर्षभर यात एका रुपयाचाही फरक पडत नाही. म्हणजे आठवड्याची जमा कायम 7,800 रुपये.

आता 2025 च्या कॅलेंडरवर महिन्यांच्या बेरजा करू. मे महिन्यात शुक्रवार पाच होते : 2, 9, 16, 23 आणि 30 तारखेला. पाच जुम्यांचे 30,000 आणि उरलेल्या 26 दिवसांचे 7,800, एकूण 37,800. जूनमध्ये शुक्रवार चारच. त्यांचे 24,000 आणि उरलेल्या 26 दिवसांचे 7,800, एकूण 31,800. फळ्यावर 6,000 रुपयांची, म्हणजे सुमारे 16 टक्क्यांची घट दिसली. देणाऱ्यांनी मात्र एक पैसाही कमी दिलेला नाही. मे महिन्यात एक जुमा जास्त होता, इतकंच.

वर्षात बहुधा 52 शुक्रवार असतात आणि महिने 12. प्रत्येक महिन्याला चार दिले तर 48 होतात आणि चार उरतात. ते चार कुठल्या तरी चार महिन्यांत जाऊन बसतात. 2025 मध्ये ते जानेवारी, मे, ऑगस्ट आणि ऑक्टोबरमध्ये बसले. दुसऱ्या वर्षी दुसरे महिने. म्हणजे काहीही न बदलता फळ्यावर वर्षातून चार वेळा "बरकत" दिसणार आणि तिच्यामागोमाग चार वेळा "घसरण".

एवढंच असतं तर चुकीचा चढउतार दिसला असं म्हणून सोडून देता आलं असतं. पण याच्या उलटंही घडतं. खरी घसरण चालू असते आणि महिन्याची बेरीज ती झाकून ठेवते.

समजा त्याच मशिदीत 4 जुलै 2025 च्या जुम्याला 6,000 जमले आणि तिथून दर शुक्रवारी 150 रुपये कमी होत गेले. पुढच्या शुक्रवारी 5,850, मग 5,700, मग 5,550. इतर दिवसांचे 300 कायम. जुलैत चार जुम्यांचे 23,100 आणि 27 दिवसांचे 8,100, एकूण 31,200. ऑगस्टमध्ये 5,400 पासून 4,800 पर्यंत पाच जुमे आले. त्यांचे 25,500 आणि 26 दिवसांचे 7,800, एकूण 33,300. प्रत्येक शुक्रवार आधीच्यापेक्षा कमी, तरीही फळ्यावर ऑगस्टमध्ये 2,100 रुपयांची वाढ! कमिटी निर्धास्त राहणार.

मग सप्टेंबर येतो. चारच जुमे, त्यांचे 17,700, इतर दिवसांचे 7,800, एकूण 25,500. एका महिन्यात 7,800 रुपये कमी, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा गेला. आता लोक कारण शोधायला लागतात, आणि ते सप्टेंबरमध्येच शोधतात. इमाम साहेबांचा त्या महिन्यातला एखादा बयान आठवतो, दोन ट्रस्टींमधला वाद आठवतो. घसरण तर जुलैपासून दर आठवड्याला सारखीच चालू होती. बेरजेच्या पद्धतीने ती दोन महिने लपवली आणि तिसऱ्या महिन्यात एकदम समोर आणली. एखाद्या इमामाची नोकरी अशा गैरसमजावर जाऊ शकते, म्हणून हा विषय मला नुसत्या गणिताचा वाटत नाही.

यावरचा उपाय अवघड नाही. ज्या चक्रात जमा फिरते, त्याच चक्राच्या पटीत बेरीज करायची. मशिदीच्या गल्ल्याचं चक्र सात दिवसांचं आहे. म्हणून शनिवार ते शुक्रवार असा आठवडा धरावा. आठवड्याचा आकडा फार हलता वाटला तर चार आठवड्यांची, म्हणजे 28 दिवसांची बेरीज घ्यावी. त्यात जुमे नेहमी चारच येतात, तीनही नाहीत आणि पाचही नाहीत. वरच्याच घसरणीचा हिशेब असा करून पाहा. 28 जून ते 25 जुलै : 30,300. 26 जुलै ते 22 ऑगस्ट : 27,900. 23 ऑगस्ट ते 19 सप्टेंबर : 25,500. दर वेळी बरोबर 2,400 ची घट. मधली "वाढ" नाहीशी झाली, शेवटचा धक्काही नाहीसा झाला, आणि जे खरंच घडत होतं ते दिसलं.

हिशेब एक्सेलमध्ये असेल तर `A` रकान्यात तारीख आणि `B` रकान्यात त्या दिवसाची जमा लिहावी. `D2` मध्ये पहिल्या शनिवारची तारीख घालावी आणि शेजारी हे सूत्र :

```
=SUMIFS(B:B,A:A,">="&D2,A:A,"<"&D2+28)
```

`D3` मध्ये `=D2+28` लिहून दोन्ही खाली ओढलं की काम झालं. फक्त शेवटचा गट 28 दिवसांचा पूर्ण झालेला नसेल तर तो कोणाला दाखवू नये. अर्धवट गट नेहमीच घसरणीसारखा दिसतो.

फळ्यावर महिन्याचाच आकडा लिहायची सवय मोडायची नसेल तरी हरकत नाही. त्याच्या शेजारी दोन गोष्टी लिहाव्यात : महिन्यात जुमे किती होते, आणि एका जुम्याची सरासरी किती. वरच्या उदाहरणात ती सरासरी जुलैत 5,775, ऑगस्टमध्ये 5,100 आणि सप्टेंबरमध्ये 4,425 येते. उतार तिथेही स्वच्छ दिसतो.

आठवड्याच्या बेरजेलाही मर्यादा आहेत. पगारानंतरचा पहिला जुमा भारी असतो, त्यामुळे एका आठवड्याची तुलना लगेच मागच्या आठवड्याशी करू नये. कोणी एकाच दिवशी मोठी रक्कम दिली तर तो आठवडा उगाच उंच दिसतो. अशी रक्कम वेगळ्या रकान्यात ठेवावी. जकात आणि फित्रा तर वेगळे हवेतच, ते शरीअतच्या दृष्टीनेही आणि हिशेबाच्या दृष्टीनेही.

आणि एक चक्र असं आहे, जे आठवड्यातही मावत नाही आणि इंग्रजी वर्षातही नाही. ते म्हणजे रमजान. चांद्र वर्ष सुमारे 354 दिवसांचं, म्हणून रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस आधी येतो. आपल्याकडे 2024 ची ईद-उल-फित्र 11 एप्रिलला झाली आणि 2025 ची 31 मार्चला. एप्रिल 2024 ची तुलना एप्रिल 2025 शी केली तर मोठी घसरण दिसेल, कारण पहिल्या एप्रिलमध्ये रमजानचे शेवटचे दहा दिवस आणि ईद होती आणि दुसऱ्यात यातलं काहीच नव्हतं.

कोणी म्हणेल, मग वर्षाचीच बेरीज घ्या. वक्फ मंडळाला द्यायचा वार्षिक हिशेब 31 मार्चला संपणाऱ्या वर्षाचा असतो. आता वरच्या दोन तारखा पुन्हा पाहा. 1 एप्रिल 2024 ते 31 मार्च 2025 या एकाच आर्थिक वर्षात दोन ईद-उल-फित्र आल्या, एक सुरुवातीला आणि एक शेवटच्या दिवशी. पुढच्या 2025-26 मध्ये एकच. म्हणून ही दोन वर्षं शेजारी ठेवून "चंदा घटला" असं म्हणणाऱ्याला आधी हे विचारायला हवं की कोणत्या वर्षात किती ईदा आल्या. खरी तुलना रमजानची रमजानशी करावी, पहिल्या रोज्यापासून ईदपर्यंत, आणि उरलेल्या वर्षाची उरलेल्या वर्षाशी.

माझं मत एवढंच आहे की कोणाचं मानधन वाढवायचं किंवा रोखायचं, हे दोन महिन्यांच्या बेरजा शेजारी ठेवून ठरवू नये. निदान 28 दिवसांचे तीन-चार गट समोर असावेत आणि त्यात रमजान आला असेल तर तो बाजूला काढलेला असावा. यासाठी रोजची नोंद मात्र जपायला हवी. काही ठिकाणी महिन्याची बेरीज झाली की रोजचे कागद फेकून देतात. रोजच्या आकड्यांवरून आठवडा काढता येतो, महिना काढता येतो, रमजानही वेगळा करता येतो. महिन्याच्या एका आकड्यावरून परत दिवस काढता येत नाहीत, आणि मुअल्लिम साहेबांनी "कुठे घटलाय, दाखवा" असं विचारलं तर दाखवायला हातात काही उरत नाही.